मॉन्टेव्हिडिओचे बहात्तर तास: युद्धकायद्यातील तटस्थता म्हणजे नेमके काय

१३ डिसेंबर १९३९ रोजी, मध्यरात्रीच्या सुमारास, ‘ॲडमिरल ग्राफ श्पे’ ही जर्मन युद्धनौका उरुग्वेची राजधानी असलेल्या मॉन्टेव्हिडिओच्या बंदरात शिरली. त्याच दिवशी सकाळी ला प्लाटा नदीच्या मुखाबाहेरील समुद्रात ‘एक्सेटर’, ‘एजॅक्स’ आणि ‘अकिलीस’ या तीन ब्रिटिश क्रूझरांशी तिची लढाई झाली होती. नौकेवरील ३६ खलाशी मारले गेले होते, अनेक जखमी होते, आणि पुढच्या भागाला पडलेल्या भगदाडामुळे उत्तर अटलांटिकच्या हिवाळी समुद्रातून जर्मनीपर्यंत जाणे तिच्या कप्तानाला, हान्स लांग्सडॉर्फ यांना, धोक्याचे वाटत होते. एजॅक्स आणि अकिलीस या दोन नौका नदीच्या मुखाशी तिची वाट पाहत उभ्या राहिल्या. उरुग्वे या युद्धात नव्हता. त्याचे नौदल इतके लहान होते की या जहाजांपैकी एकालाही बळाने रोखणे त्याच्या आवाक्यात नव्हते. तरीही पुढचे चार दिवस दोन्ही महासत्तांचे मुत्सद्दी उरुग्वेचे परराष्ट्रमंत्री आल्बेर्तो ग्वानी यांच्या दारात एकाच प्रश्नावर हुज्जत घालत होते: ही नौका या बंदरात किती तास थांबू शकते?

तटस्थतेचा कायदा समजून घ्यायचा असेल तर या चार दिवसांइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही, कारण या कायद्याची बहुतेक कलमे त्या एका बंदरात एकामागून एक वापरात आली.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. भारतात तटस्थता म्हटले की नेहरूंच्या काळातील अलिप्ततावाद आठवतो. अलिप्तता हे शांततेच्या काळातले परराष्ट्र धोरण होते. कोणत्याही लष्करी गटात सामील व्हायचे नाही, एवढाच त्याचा आशय होता, आणि अलिप्त असतानाच भारताने १९६२, १९६५ आणि १९७१ ची युद्धे लढली. युद्धकायद्यातील तटस्थता ही वेगळी गोष्ट आहे. दोन किंवा अधिक राष्ट्रांमध्ये युद्ध पेटले आणि आपण त्यात उतरलो नाही, तर त्या युद्धापुरता आपला एक कायदेशीर दर्जा ठरतो, आणि त्या दर्जाबरोबर काही हक्क आणि काही कर्तव्ये येतात. मनातून कोणाची बाजू घ्यावी, वर्तमानपत्रांनी कोणाची तरफदारी करावी, यावर हा कायदा काही म्हणत नाही. तो राज्यसंस्थेच्या कृतीबद्दल बोलतो: तिची जमीन, तिचा समुद्र, तिची बंदरे, तिचे शस्त्रागार आणि तिचा खजिना. स्वित्झर्लंडसारख्या देशाने १८१५ पासून कायमची तटस्थता पत्करली आहे, परंतु तशी घोषणा नसलेला देशही एखाद्या युद्धापुरता तटस्थ असतोच.

या विषयावरचे लिखित नियम प्रामुख्याने १९०७ च्या दोन हेग करारांत आहेत. पाचवा करार जमिनीवरील युद्धासाठी आहे आणि तेरावा समुद्रावरील युद्धासाठी. अनेक देशांनी यांपैकी एखादा किंवा दोन्ही करार मंजूर केले नाहीत. ब्रिटननेही तेराव्या करारावर सही करून नंतर मंजुरी दिली नव्हती. असे असूनही त्यांतील बरेचसे नियम आधीपासूनच्या रूढीवर उभे असल्यामुळे सगळेच देश वाद घालताना त्यांचाच आधार घेत आले आहेत, आणि मॉन्टेव्हिडिओतही तेच झाले.

या नियमांचा गाभा दोन्ही बाजूंना बांधणारा आहे. लढणाऱ्या राष्ट्रांनी तटस्थ देशाची हद्द अभंग मानायची: तिच्यातून सैन्य किंवा दारूगोळ्याचे तांडे न्यायचे नाहीत, तिच्या पाण्यात शत्रूचे जहाज पकडायचे नाही, तिच्या बंदराला आपला तळ बनवायचे नाही आणि तेथे लष्करी कामासाठी बिनतारी संदेशयंत्रणा उभारायची नाही. तटस्थ देशाने उलट दिशेने तीन गोष्टी पाळायच्या असतात. सरकार म्हणून कोणत्याही बाजूला शस्त्रे किंवा युद्धसाहित्य द्यायचे नाही. आपल्या हद्दीत असे गैरवापर होऊ द्यायचे नाहीत. आणि जी बंधने घालायची ती दोन्ही बाजूंना सारखीच घालायची. यांतली दुसरी गोष्ट सर्वांत अवघड असते, कारण तिच्यासाठी तटस्थ देशाला स्वतः काम करावे लागते. पहारा ठेवावा लागतो, तपासणी करावी लागते, आणि प्रसंगी बलाढ्य राष्ट्राला ‘नाही’ म्हणावे लागते. कायदा त्याला एवढे संरक्षण देतो की आपली तटस्थता राखण्यासाठी त्याने बळ वापरले तरी ते शत्रुत्वाचे कृत्य मानले जात नाही.

आता मॉन्टेव्हिडिओकडे वळू. तेराव्या हेग कराराचा साधा नियम असा की तटस्थ देशाच्या कायद्यात वेगळी तरतूद नसेल तर लढणाऱ्या राष्ट्राची युद्धनौका त्याच्या बंदरात २४ तासांपेक्षा अधिक थांबू शकत नाही. या नियमाला मुख्य अपवाद दोन आहेत: जहाजाचे नुकसान झाले असेल किंवा हवामान खवळलेले असेल तर मुक्काम वाढवता येतो, आणि ते कारण संपताच जहाजाने निघून जायचे असते. ब्रिटनचे राजदूत युजेन मिलिंग्टन-ड्रेक यांनी सुरुवातीला याच नियमावर बोट ठेवले. ग्राफ श्पे लढाईनंतर दिवसभर जोरात चालत मॉन्टेव्हिडिओपर्यंत आली आहे, म्हणजे ती समुद्रप्रवासाला सक्षम आहे, तेव्हा तिला २४ तासांत बाहेर काढा, अशी त्यांची मागणी होती. जर्मनीचे राजदूत ओटो लांगमान यांनी दुरुस्तीसाठी सुमारे दोन आठवड्यांची मुदत मागितली.

उरुग्वेने दोघांचेही ऐकून घेतले आणि आपल्या तज्ज्ञांचे पथक नौकेवर पाठवले. हे पाऊल कायद्याला धरूनच होते. कोणती दुरुस्ती गरजेची आहे हे जहाजाचा कप्तान ठरवत नाही, त्याचा शत्रूही ठरवत नाही. तो अधिकार करारातील सतराव्या कलमाने तटस्थ देशाच्या अधिकाऱ्यांना दिलेला आहे. त्याच कलमात दुरुस्तीची मर्यादाही सांगितली आहे: जहाज समुद्रप्रवासाला सुरक्षित व्हावे एवढेच काम करता येते, त्याचे लढण्याचे सामर्थ्य कोणत्याही प्रकारे वाढता कामा नये. म्हणजे पाणी आत घेणारे भगदाड बुजवता येते, पण निकामी झालेली तोफ किंवा नेम धरण्याचे यंत्र दुरुस्त करता येत नाही. दारूगोळा भरून घेता येत नाही आणि मेलेल्या खलाशांच्या जागी नवे खलाशीही घेता येत नाहीत. अन्नसामग्री शांततेच्या काळात जेवढी बाळगली जाते तेवढीच भरता येते, आणि इंधन स्वदेशाचे सर्वांत जवळचे बंदर गाठण्यापुरते. एकदा असे इंधन घेतले की त्याच देशाच्या कोणत्याही बंदरातून पुढचे तीन महिने पुन्हा घेता येत नाही. या सगळ्या तपशिलामागे एकच विचार आहे. संकटात सापडलेल्या जहाजाला आसरा देणे ही समुद्रावरची जुनी माणुसकी आहे आणि कायदा ती मोडू पाहत नाही, पण त्या आसऱ्यातून जहाज आले होते त्यापेक्षा अधिक घातक होऊन बाहेर पडले तर तटस्थ देश त्या युद्धाचा भागीदार होतो.

पथकाच्या अहवालावरून उरुग्वेने ७२ तासांची मुदत दिली. ती १७ डिसेंबरला रात्री ८ वाजता संपणार होती. जर्मनांना ती फार कमी वाटली. जखमींना किनाऱ्यावर उतरवण्यात आले, ग्राफ श्पेने बुडवलेल्या ब्रिटिश व्यापारी जहाजांचे जे कैदी तिच्यावर होते त्यांना मुक्त करण्यात आले, आणि मृत खलाशांचे दफन मॉन्टेव्हिडिओत झाले. पकडून आणलेला युद्धकैदी तटस्थ भूमीवर कैदी राहत नाही, हे तत्त्वही कायद्यात आहे, आणि येथे त्याचे पालन विनातक्रार झाले.

यानंतर ब्रिटिशांनी आपली भूमिका नेमकी उलटी केली. बाहेर उभ्या असलेल्या त्यांच्या ताफ्यात फॉकलंडहून धावत आलेल्या ‘कंबरलंड’ या क्रूझरची भर पडली होती, पण ‘रिनाउन’ आणि ‘आर्क रॉयल’ ही मोठी जहाजे अजून फार दूर होती. त्यामुळे ग्राफ श्पे लगेच बाहेर पडण्यापेक्षा आणखी थोडी अडकून राहणे ब्रिटिशांच्या सोयीचे होते. यासाठी त्यांनी सोळाव्या कलमाचा आधार घेतला. त्या कलमानुसार तटस्थ बंदरातून एका बाजूचे व्यापारी जहाज निघाले असेल तर दुसऱ्या बाजूच्या युद्धनौकेला त्यानंतर २४ तास त्या बंदरातून निघता येत नाही. निःशस्त्र व्यापारी जहाजाला पळण्याइतका वेळ मिळावा, हा त्यामागचा हेतू आहे. १५ डिसेंबरच्या संध्याकाळी ‘ॲशवर्थ’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज मॉन्टेव्हिडिओतून बाहेर पडले आणि उरुग्वेने जर्मनांना कळवले की १६ तारखेच्या संध्याकाळपर्यंत तुम्हाला निघता येणार नाही.

लांग्सडॉर्फ यांच्यासमोर त्या क्षणी दोन घड्याळे चालू होती. एक सांगत होते की १६ च्या संध्याकाळच्या आधी जाता येणार नाही, दुसरे सांगत होते की १७ च्या रात्री आठनंतर राहता येणार नाही. मधल्या जेमतेम एका दिवसाच्या फटीतून त्यांना बाहेर पडायचे होते. दुर्बळांच्या रक्षणासाठी लिहिलेला नियम येथे एका लढाऊ नौदलाने डावपेच म्हणून वापरला, हे खरे आहे. पण उरुग्वेच्या बाजूने पाहिले तर तो मागे हटू शकत नव्हता: कलम स्पष्ट होते, जहाज खरोखर निघाले होते, आणि ते निघण्यामागचा हेतू काय हे तपासण्याचा अधिकार करार तटस्थ देशाला देत नाही. त्याने मिलिंग्टन-ड्रेक यांची २४ तासांची पहिली मागणी जितक्या कोरडेपणाने नाकारली होती, तितक्याच कोरडेपणाने लांगमान यांची मुदतवाढीची मागणीही नाकारली. निःपक्षपातीपणाची कसोटी हीच असते. दोघांना समान फायदा झाला पाहिजे असे कायदा म्हणत नाही. नियम दोघांना एकच लागू झाला पाहिजे, एवढेच तो म्हणतो.

मुदत संपूनही नौका निघाली नसती तर काय झाले असते, याचेही उत्तर करारात आहे. चोविसाव्या कलमाप्रमाणे तटस्थ देश अशा नौकेला युद्ध संपेपर्यंत समुद्रात जाता येणार नाही अशा अवस्थेत आणू शकतो आणि तिच्या अधिकाऱ्यांना व खलाशांना स्थानबद्ध करू शकतो. जर्मन नौदलाला हे परवडणारे नव्हते. आपली आधुनिक नौका अशा बंदरात अडकून पडावी, आणि तिची यंत्रे शत्रूच्या तज्ज्ञांना कधीतरी पाहायला मिळावीत, ही शक्यताच त्यांना नको होती. त्यातच बाहेर मोठा ब्रिटिश ताफा जमल्याच्या अफवांवर लांग्सडॉर्फ यांचा विश्वास बसला. १७ डिसेंबरच्या संध्याकाळी त्यांनी नौका बंदराबाहेर नेली, खलाशांना आधी उतरवून घेतले आणि मुदत संपण्याच्या सुमारास सुरुंग लावून ती ला प्लाटाच्या उथळ पाण्यात बुडवली.

खलाशी, संख्येने हजाराहून अधिक, अर्जेंटिनाच्या बोटींतून ब्वेनोस आइरेसला गेले. तेथे पुढचा प्रश्न उभा राहिला. हे लोक जहाज बुडालेले दर्यावर्दी आहेत, त्यांना मोकळे सोडावे, असे जर्मनांचे म्हणणे होते. अर्जेंटिनाने ते मान्य केले नाही. हे लढणाऱ्या राष्ट्राचे सैनिक आहेत आणि ते पुन्हा युद्धात जाऊ नयेत हे पाहणे आमचे कर्तव्य आहे, असे ठरवून त्यांना स्थानबद्ध केले. हा निर्णय कळल्यानंतर लांग्सडॉर्फ यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. व्यापारी जहाजांवरच्या एकाही माणसाचा जीव न घेता नऊ जहाजे बुडवणारा हा माणूस होता, आणि त्याच्या अंत्ययात्रेला त्याच्या कैदेत राहिलेल्या ब्रिटिश कप्तानांपैकीही काहीजण आले होते.

स्थानबद्धतेबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण ती शिक्षा आहे असा समज होतो. पाचव्या हेग कराराप्रमाणे तटस्थ देश आपल्या हद्दीत आलेल्या सैनिकांना शक्यतो युद्धभूमीपासून दूर ठेवतो, त्यांची शस्त्रे काढून घेतो, त्यांना अन्न, कपडे आणि माणुसकीला लागणारी मदत देतो, आणि युद्ध संपल्यावर त्या खर्चाची भरपाई त्यांच्या देशाकडून घेतो. या नियमाची तालीम करार होण्याच्या ३६ वर्षे आधी स्वित्झर्लंडमध्ये झाली होती. १८७१ च्या फेब्रुवारीत, फ्रँको-प्रशियन युद्धाच्या शेवटी, जनरल बुर्बाकींच्या नावाने ओळखली जाणारी फ्रेंच फौज थंडीने आणि उपासमारीने खचून स्विस सीमेवर पोहोचली. स्विस जनरल हान्स हेरझोग यांनी अटी घातल्या: सीमेवर शस्त्रे टाका, मग आत या. सुमारे ८७,००० सैनिक लेस व्हेरिएर या गावाजवळ आणि आसपासच्या खिंडींतून बर्फात बंदुकांचे ढीग टाकत आत आले, गावागावांत विभागले गेले, आणि काही आठवड्यांनी परत गेल्यावर फ्रान्सने त्यांचा खर्च चुकता केला. प्रशियाचा फायदा किंवा फ्रान्सचा तोटा हा विचार त्यात नव्हता. ती फौज पुन्हा त्या युद्धात उतरणार नाही, एवढीच हमी प्रशियाला द्यायची होती, आणि ती दिली गेली.

उरुग्वेला जे जमले ते नॉर्वेला जमले नाही, आणि योगायोगाने त्या प्रकरणाचे धागे ग्राफ श्पेपर्यंतच जातात. तिने बुडवलेल्या जहाजांवरील सुमारे ३०० ब्रिटिश दर्यावर्दी तिच्या ‘आल्टमार्क’ या पुरवठा जहाजाच्या तळात कोंडलेले होते. फेब्रुवारी १९४० मध्ये आल्टमार्क उत्तरेकडून वळसा घालून तटस्थ नॉर्वेच्या किनारी पाण्यात शिरले आणि किनाऱ्याला चिकटून जर्मनीच्या दिशेने निघाले. लढणाऱ्या राष्ट्राच्या जहाजाने तटस्थ देशाच्या प्रादेशिक समुद्रातून नुसते जाणे हा तटस्थतेचा भंग ठरत नाही, असे तेराव्या कराराचे दहावे कलम सांगते. पण शत्रूच्या टप्प्यातून वाचण्यासाठी शेकडो मैल त्या पाण्यातूनच प्रवास करणे याला ‘नुसते जाणे’ म्हणायचे का? ब्रिटनचे उत्तर ठाम नकारार्थी होते. नॉर्वेचे म्हणणे असे की अशा प्रवासाला वेळेची मर्यादा नाही. नॉर्वेच्या नौदलाने जहाजाची एकाहून अधिक वेळा तपासणी केली, पण कैद्यांबद्दल कप्तानाने दिलेला नकार खरा मानून तळघरे उघडून पाहिली नाहीत. १६ फेब्रुवारीच्या रात्री ‘कोसॅक’ ही ब्रिटिश विनाशिका योसिंगफ्योर्ड या अरुंद खाडीत शिरली, झटापटीत काही जर्मन मारले गेले, आणि कैदी सोडवले गेले.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर येथे दोन वेगवेगळे दोष आहेत. नॉर्वेची तपासणी वरवरची होती, आणि तटस्थ देशाकडून अपेक्षित असलेली दक्षता त्यात दिसत नाही. पण ब्रिटननेही तटस्थ पाण्यात बळ वापरले, जे करारात उघडपणे निषिद्ध आहे. ब्रिटनच्या बाजूने दिला जाणारा युक्तिवाद असा की तटस्थ देश आपल्या हद्दीतला गैरवापर थांबवत नसेल, तर दुसऱ्या लढणाऱ्या राष्ट्राला स्वतः तो थांबवण्याचा हक्क मिळतो. हा युक्तिवाद आजही मांडला जातो. माझ्या मते तो फार सांभाळून वापरायला हवा, कारण तटस्थ देश ‘अपयशी’ ठरला की नाही हे ठरवणारा पक्ष स्वतः लढत असतो. त्या रात्रीचा परिणाम नॉर्वेला लवकरच भोगावा लागला: ब्रिटनला हा देश रोखणार नाही असा निष्कर्ष बर्लिनने काढला आणि ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन सैन्य नॉर्वेत उतरले.

आपल्या किनाऱ्यावरही असा एक प्रसंग घडला, आणि तो महाराष्ट्रात-गोव्यात फारसा सांगितला जात नाही. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून त्याच्या ताब्यातील गोवाही तटस्थ भूमी होती. चहूबाजूंनी ब्रिटिश हिंदुस्थान युद्धात आणि मध्ये मुरगाव बंदर शांत. युद्ध सुरू होताच ‘एरनफेल्स’, ‘ड्राखनफेल्स’ आणि ‘ब्राउनफेल्स’ या जर्मन व्यापारी जहाजांनी तेथे आसरा घेतला आणि पुढे ‘आन्फोरा’ हे इटालियन जहाजही आले. ही व्यापारी जहाजे होती, त्यामुळे युद्धनौकांचा २४ तासांचा नियम त्यांना लागू नव्हता आणि ती वर्षानुवर्षे नांगर टाकून राहिली तरी पोर्तुगालचे काही चुकत नव्हते. ब्रिटिशांची तक्रार वेगळी होती. एरनफेल्सवर छुपे बिनतारी यंत्र असून त्यावरून हिंदी महासागरातील जर्मन पाणबुड्यांना दोस्तांच्या जहाजांची माहिती दिली जाते, असा त्यांचा दावा होता. तो खरा असेल तर मुरगाव बंदर युद्धाचा तळ बनले होते आणि ते थांबवणे पोर्तुगालचे कर्तव्य होते.

ब्रिटिशांनी केले ते असे. नियमित सैन्य मुरगावात उतरवले असते तर तो एका तटस्थ देशावरचा, तोही आपल्या सर्वांत जुन्या मित्रराष्ट्रावरचा, उघड हल्ला ठरला असता. म्हणून त्यांच्या गुप्त मोहिमा चालवणाऱ्या खात्याने कलकत्त्याच्या ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ आणि ‘कलकत्ता स्कॉटिश’ या हौशी राखीव पथकांतील मध्यमवयीन नोकरदार आणि व्यापारी निवडले, त्यांना ‘फिबी’ नावाच्या गाळ वाहणाऱ्या संथ बार्जवर बसवले आणि ९ मार्च १९४३ च्या पहाटे अंधारात एरनफेल्सवर चढवले. जहाजाचा कप्तान मारला गेला. जर्मन आणि इटालियन खलाशांनी आपली जहाजे शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून स्वतःच ती पेटवून बुडवली. गणवेश न घालता, राखीव पथकांकडून काम करून घेतल्याने त्यातली सरकारी जबाबदारी संपत होती का? नाही. ज्यांना सरकारने पाठवले, ते कोणत्याही कपड्यांत असले तरी त्यांचे कृत्य त्या सरकारचेच असते. त्या वेषांतरामुळे फक्त ते सिद्ध करणे अवघड झाले, आणि पोर्तुगालला डोळे झाकायला जागा मिळाली. गोव्यात खटला चालला तो जहाजे जाळल्याबद्दल खलाशांवरच, आणि मोहिमेची हकिकत सुमारे तीन दशके गुलदस्त्यात राहिली. उरुग्वेसारखे पथक पाठवून पोर्तुगालने ते यंत्र वेळीच शोधले असते आणि मोहोरबंद केले असते, तर ब्रिटिशांना त्या रात्रीचे समर्थन करायला फारच थोडे शब्द उरले असते.

शस्त्रांच्या व्यापाराचा नियम मात्र वाचकांना बहुधा विचित्र वाटेल. तटस्थ सरकारने स्वतः शस्त्रे देणे पूर्ण निषिद्ध आहे, पण त्या देशातील खासगी कारखानदाराने लढणाऱ्या राष्ट्राला शस्त्रे विकली तर ती अडवण्याची सक्ती सरकारवर नाही. १९०७ मध्ये व्यापार आणि सरकार यांच्यात जेवढी ठळक रेघ दिसत होती तेवढी आज दिसत नाही, कारण शस्त्रनिर्यातीला जवळपास सर्वत्र सरकारी परवाना लागतो. परवाना देणारे सरकार हात झटकू शकते का, हा आजचा खरा वाद आहे. जहाजांच्या बाबतीत नियम तेव्हाही कडक होता. अमेरिकन यादवी युद्धात ब्रिटनमधील बर्कनहेड येथे खासगी गोदीत बांधलेल्या ‘अलाबामा’ने दक्षिणेच्या बाजूने लढून उत्तरेच्या व्यापारी जहाजांचा मोठा संहार केला, आणि १८७२ मध्ये जिनिव्हाच्या लवादाने ब्रिटनला १ कोटी ५५ लाख डॉलर भरपाई द्यायला लावली, ती बांधली जात असल्याची खबर मिळूनही ब्रिटिश सरकारने योग्य दक्षता दाखवली नाही, हा ठपका होता.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने १९४५ नंतर या कायद्याला एक मोठी मुरड घातली. सुरक्षा परिषदेने एखाद्या राष्ट्राविरुद्ध कारवाईचा बंधनकारक निर्णय घेतला तर सदस्य देशांना तो पाळावाच लागतो, आणि मग ‘आम्ही दोघांना सारखेच वागवतो’ असे म्हणता येत नाही. परिषद नकाराधिकारामुळे अडकून पडली तर मात्र जुने नियम पुन्हा समोर येतात. युक्रेनवरील रशियाच्या आक्रमणानंतर नेमके असे घडले. आक्रमण उघड असेल तर बळी पडलेल्या देशाला शस्त्रे देऊनही आपण युद्धात उतरलो असे होत नाही, अशी भूमिका अनेक पाश्चात्त्य देशांनी घेतली. रशिया ती मानत नाही, आणि कायदेपंडितांतही त्यावर एकमत नाही. स्वित्झर्लंडने फेब्रुवारी २०२२ मध्ये युरोपीय संघाचे आर्थिक निर्बंध स्वीकारले, कारण आर्थिक निर्बंध हेगच्या लष्करी बंधनांत बसत नाहीत असे त्याने मानले. पण जर्मनीने स्वतःकडची, स्वित्झर्लंडमध्ये बनलेली ३५ मिलिमीटर तोफगोळ्यांची काडतुसे युक्रेनला देण्याची परवानगी मागितली, तेव्हा ती नाकारली गेली. शस्त्रनिर्यातीवर बंधन घालायचे तर ते दोन्ही लढणाऱ्या राष्ट्रांना सारखे असले पाहिजे, हे पाचव्या हेग कराराचे नववे कलम आहे. रशियाला निर्यात बंद असताना युक्रेनला उघडी ठेवता येणार नाही, असा स्विस सरकारचा हिशोब होता. बर्लिनमध्ये आणि खुद्द बर्नच्या संसदेतही त्यावरून मोठा गदारोळ झाला, आणि शेवटी जर्मनीने ती काडतुसे आपल्याच देशात बनवायला घेतली.